नव्या शॉपिंग कॉम्प्लेक्समुळे चौक तुंबेल का? वाहतूक परिणाम अहवालातले गणित एका उदाहरणातून

एखाद्या रस्त्यावर मोठे शॉपिंग कॉम्प्लेक्स उभे राहणार असेल, तर परवानगीच्या कागदांमध्ये सहसा एक जाडजूड अहवाल असतो: ट्रॅफिक इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे वाहतुकीवरच्या परिणामाचा अभ्यास. आजूबाजूला राहणारे लोक तो उघडतात, तक्त्यांनी भरलेली पाने पाहतात आणि थेट शेवटच्या पानावरचा निष्कर्ष वाचतात. तिथे बहुतेक वेळा ‘सुचवलेल्या उपायांसह परिणाम स्वीकारार्ह राहील’ अशा अर्थाचे वाक्य असते. ते खरे आहे की नाही, हे मधल्या पानांवर ठरलेले असते. ती पाने वाचायला बेरीज, गुणाकार आणि थोडी चिकाटी पुरते.

आपण एक काल्पनिक कॉम्प्लेक्स घेऊ आणि त्याच्या गाड्या शेवटपर्यंत पाहू. दुकानांना भाड्याने देता येईल असे क्षेत्र २०,००० चौरस मीटर आहे. जागा एका चौकाच्या कोपऱ्यावर आहे. मुख्य रस्ता पूर्व-पश्चिम जातो, त्याला दुभाजक आहे आणि दोन्ही दिशांना दोन-दोन लेन आहेत. जोडरस्ता उत्तर-दक्षिण जातो. चौकाला सिग्नल आहे. कॉम्प्लेक्स वायव्य कोपऱ्यात येते. वाहने डाव्या बाजूने चालतात असे धरू. त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या आधी कॉम्प्लेक्ससमोरून जातात आणि मग चौकात पोहोचतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे.

किती गाड्या येतील

बांधलेच नाही त्या इमारतीकडे किती गाड्या येतील, हे थेट मोजता येत नाही. म्हणून आधीपासून चालू असलेल्या, शक्य तितक्या सारख्या कॉम्प्लेक्सच्या फाटकांवर मोजणी करतात आणि दर काढतात: गर्दीच्या तासात १०० चौरस मीटरमागे किती फेऱ्या. आत येणारी गाडी ही एक फेरी, बाहेर जाणारी दुसरी. अशा मोजण्यांचे मोठे संग्रह आहेत. अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स ही संस्था ट्रिप जनरेशन मॅन्युअल काढते, ब्रिटनमध्ये ट्रिक्स नावाचा संग्रह वापरतात. पण परक्या ठिकाणचा दर जसाच्या तसा उचलणे धोक्याचे असते. लोक चालत किती येतात, बसने किती, दुचाकीने किती, यावर तो दर बदलतो. जवळपासच्या दोन-तीन चालू कॉम्प्लेक्सची मोजणी पुष्कळदा जाड संग्रहापेक्षा जास्त खरे सांगते.

आपल्या उदाहरणात १०० चौरस मीटरमागे ४ फेऱ्या धरू. म्हणजे गर्दीच्या एका तासात ८०० फेऱ्या: ४०० गाड्या आत, ४०० बाहेर. दुचाकी, बस, टेम्पो हे सगळे कारच्या एककात बदलून घेतले आहे, कारण रस्त्यावरची जागा आणि वेळ प्रत्येक वाहन वेगवेगळा खाते.

हा ‘गर्दीचा तास’ कोणाचा, हेही पाहायला हवे. रस्त्याची गर्दी कामाच्या दिवशी संध्याकाळी असते, तर कॉम्प्लेक्सची गर्दी सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर. अहवालात फक्त कामाच्या दिवसाची संध्याकाळ तपासलेली असेल, तर कॉम्प्लेक्सच्या सर्वांत जड तासाकडे त्यात पाहिलेलेच नाही. दोन्ही तास तपासायला हवेत, कारण बेरीज नेमकी कुठे सर्वांत मोठी होईल हे आधी सांगता येत नाही.

या गाड्या नव्या आहेत का

८०० च्या ८०० फेऱ्या रस्त्यावर नव्याने येत नाहीत. काही माणसे तशीही या रस्त्याने घरी जात असतात आणि वाटेत थांबून खरेदी करतात. अशा फेऱ्यांना वाटेवरच्या फेऱ्या म्हणू. आपण त्या ३० टक्के धरू, म्हणजे आत १२० आणि बाहेर १२०. उरलेल्या २८० आत आणि २८० बाहेर या खरोखर नव्या.

वाटेवरच्या फेऱ्यांबाबत अहवालांत एक चूक फार वेळा दिसते. या गाड्या रस्त्यावर आधीच होत्या, म्हणून त्यांना हिशेबातून पूर्ण वगळले जाते. रस्त्यावरची एकूण संख्या त्या वाढवत नाहीत हे बरोबर आहे. पण जी गाडी आधी सरळ जात होती ती आता फाटकात वळते, बाहेर येते आणि परत प्रवाहात मिसळते. फाटकावर सगळ्याच्या सगळ्या ८०० फेऱ्या मोजाव्या लागतात, आणि चौकात सरळ जाणाऱ्या काही गाड्या वळणाऱ्या होतात. सिग्नलवर सरळ जाणारी गाडी आणि उजवीकडे वळणारी गाडी यांची किंमत सारखी नसते, हे पुढे दिसेलच.

दुसरी चूक दोनदा वजावट करण्याची. एकाच माणसाने गाडी एकदा लावून तीन दुकाने केली, तर त्या तीन भेटींची गाडी एकच. म्हणून काही अहवाल ‘आतल्या आत होणाऱ्या फेऱ्या’ म्हणून आणखी १० टक्के कापतात. पण मूळ दर संपूर्ण कॉम्प्लेक्सच्या फाटकावर मोजलेला असेल, तर ही बचत त्या दरातच आलेली असते. प्रत्येक दुकानाचा वेगळा दर लावून बेरीज केली असेल तरच ती कापायची.

इथे अहवालाचा कल ओळखता येतो. समजा कोणी दर ४ ऐवजी ३ घेतला आणि वाटेवरच्या फेऱ्या ३० ऐवजी ५० टक्के धरल्या. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर फारसे वावगे वाटत नाहीत, दोन्हींसाठी कुठेतरी आधारही सापडतो. पण एकत्र लावले की नव्या गाड्या २८० वरून १५० वर येतात, जवळजवळ अर्ध्या. म्हणून माझ्या मते अहवालात एकच निकाल असता कामा नये. मधला अंदाज आणि वरचा अंदाज, दोन्हींचे निकाल शेजारी शेजारी दिलेले हवेत.

गाड्या कुठून येतील आणि कुठून आत शिरतील

नव्या २८० गाड्यांपैकी ४० टक्के पूर्वेकडून, ३० टक्के पश्चिमेकडून, २० टक्के दक्षिणेकडून आणि १० टक्के उत्तरेकडून येतील असे धरू. प्रत्यक्षात हे प्रमाण आजूबाजूची वस्ती, तिथपर्यंत लागणारा वेळ आणि स्पर्धेतली दुसरी दुकाने यांवरून काढतात. वाटेवरच्या १२० पैकी ८० गाड्या पूर्वेकडे जाणाऱ्या आणि ४० पश्चिमेकडे जाणाऱ्या. कॉम्प्लेक्सच्या बाजूने जाणारा सहज वळतो, समोरच्या बाजूचा कमी वळतो.

बिल्डरचा पहिला आराखडा असा: मुख्य रस्त्यावर, चौकाच्या ६० मीटर आधी फाटक, आणि समोरच्या बाजूने येणाऱ्यांना उजवीकडे वळून आत येता यावे म्हणून दुभाजकात फट. दुकानदारांना हे आवडते, कारण गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी थेट आत येते.

पण सिग्नल लाल झाला की पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग चौकापासून मागे वाढत जाते. रांगेतल्या एका कारला साधारण ६ मीटर लागतात, म्हणजे ६० मीटरमध्ये फक्त १० गाड्या. दोन्ही लेन भरल्या की फट रांगेखाली जाते. पूर्वेकडून आलेली, उजवीकडे वळू पाहणारी गाडी दुभाजकाच्या फटीत अडकते, तिच्या मागे पश्चिमेकडे जाणाऱ्यांची वेगवान लेन तुंबते, आणि ही रांग मागे सरकत चौकातच पोहोचते. रांगेतला एखादा चालक सौजन्याने जागा देतो, वळणारी गाडी पुढे घुसते आणि शेजारच्या लेनमधून येणारी दुचाकी तिला दिसत नाही. अशा फटीवर होणाऱ्या अपघातांचा हा ठराविक प्रकार आहे.

म्हणून तपासणारा अभियंता सहसा तीन बदल मागतो. दुभाजकाची फट बंद करायची. मुख्य रस्त्यावरचे फाटक चौकापासून जास्तीत जास्त लांब, जागेच्या पश्चिम टोकाला न्यायचे आणि तिथे फक्त डावीकडून आत, डावीकडे बाहेर एवढेच ठेवायचे. दुसरे फाटक उत्तरेच्या जोडरस्त्यावर द्यायचे. बदल योग्य आहेत. पण फटीतून वळणाऱ्या गाड्या यामुळे नाहीशा होत नाहीत, त्या आता चौकात येऊन उजवीकडे वळतात. पूर्वेकडून येणाऱ्या नव्या ११२ आणि वाटेवरच्या ४०, अशा १५२ गाड्या तासाला. फाटकाचा प्रश्न चौकाकडे सरकला, आणि चौकात तेवढी जागा आहे का हे आता पाहायचे.

चौकाची क्षमता

सिग्नलची क्षमता समजायला एक साधा ठोकताळा पुरतो. हिरवा दिवा लागल्यावर रांग नीट चालू झाली की एका लेनमधून साधारण दर २ सेकंदांना एक कार रेषा ओलांडते. आपल्या चौकात सिग्नलचे पूर्ण चक्र १२० सेकंदांचे आहे आणि त्यात चार पाळ्या आहेत: मुख्य रस्त्यावर सरळ जाणारे, मुख्य रस्त्यावरून उजवीकडे वळणारे, उत्तरेकडून येणारे आणि दक्षिणेकडून येणारे. प्रत्येक पाळी बदलताना गाड्या थांबण्यात आणि पुन्हा हलण्यात साधारण ५ सेकंद वाया जातात. चार पाळ्यांचे २० सेकंद गेले, उरले १०० सेकंद. दर २ सेकंदांना एक, म्हणजे एका चक्रात ५० गाड्या. तासाला ३० चक्रे, म्हणजे १,५०० गाड्या.

हे १,५०० म्हणजे चौकातून जाणाऱ्या एकूण गाड्या नव्हेत. प्रत्येक पाळीत एकाच वेळी अनेक लेन चालू असतात. त्यांतली जी सर्वांत भरलेली, तीच ठरवते की पाळी किती लांब हवी. तिला निर्णायक लेन म्हणू. चारही पाळ्यांच्या निर्णायक लेनमधल्या गाड्यांची बेरीज १,५०० च्या आत बसायला हवी.

आज ती बेरीज अशी आहे: पूर्वेकडे सरळ जाणाऱ्या एका लेनमध्ये ६००, उजव्या वळणात १२०, उत्तरेकडून येणाऱ्या लेनमध्ये २३०, दक्षिणेकडून येणाऱ्या लेनमध्ये ३१०. एकूण १,२६०, म्हणजे क्षमतेच्या ८४ टक्के. कॉम्प्लेक्स उघडेपर्यंत रस्त्यावरची वाहतूक ५ टक्के वाढेल असे धरले तर १,३२३, म्हणजे ८८ टक्के. तुलना याच आकड्याशी करायची. कॉम्प्लेक्स नसते तर उघडण्याच्या वर्षी चौक कसा असता, ही खरी सुरुवातीची रेषा. आजूबाजूला मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या इमारतींची वाहतूकही हिच्यात धरायला हवी. ती वगळली की चौक कागदावर मोकळा दिसतो.

या आजच्या आकड्यांबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. मोजणी करणारे सहसा चौकातून पार झालेल्या गाड्या मोजतात. हिरवा दिवा संपल्यावरही रांग उरत असेल, तर पार झालेल्या गाड्या ही चौकाची क्षमता असते, लोकांची गरज नव्हे. जितका चौक तुंबलेला, तितकी अशी मोजणी खोटा दिलासा देते. म्हणून पार झालेल्या गाड्यांबरोबर दर चक्रानंतर उरलेल्या रांगेची लांबीही नोंदवलेली असली पाहिजे. अहवालात रांगांची नोंदच नसेल, तर पुढच्या सगळ्या टक्केवाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

आता कॉम्प्लेक्सच्या गाड्या घालू. पूर्वेकडे परतणाऱ्या नव्या ११२ गाड्या मुख्य फाटकातून डावीकडे बाहेर पडून सरळ जातात, म्हणून त्या लेनमध्ये प्रत्येकी ५६ वाढतात. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे जाणारे जोडरस्त्याच्या फाटकातून चौकात येतात. वाटेवरचे ४० जणही तिथूनच परत पश्चिमेला लागतात, आणि उत्तरेकडून येणाऱ्या दोन लेनमध्ये प्रत्येकी ९० वाढतात. दक्षिणेकडून येणाऱ्या नव्या गाड्यांमुळे तिकडे लेनमागे २८ ची भर पडते. पण सर्वांत मोठी उडी उजव्या वळणाची आहे. पश्चिमेकडे जाताना उजवीकडे वळणारे १०५ होते, ते २५७ झाले. आतापर्यंत या पाळीत समोरच्या दिशेची १२६ गाड्यांची लेन निर्णायक होती, आता ही झाली, आणि पाळीची गरज दुपटीवर गेली.

नवी बेरीज साधारण १,६२९. क्षमतेच्या १०९ टक्के.

१०० टक्क्यांच्या वर गेल्यावर काय होते? तासाभरात जेवढ्या गाड्या येतात तेवढ्या पार होत नाहीत, दर चक्रात काही उरतात आणि रांग तासभर वाढतच राहते. गर्दीचा तास संपल्यावरही ती ओसरायला वेळ लागतो. खरे तर त्रास १०० च्या आधीच सुरू होतो. गाड्या सारख्या अंतराने येत नाहीत, कधी झुंडीने येतात. म्हणून ९० टक्क्यांच्या आसपास थांबण्याचा वेळ एकदम चढू लागतो, आणि सिग्नलसाठी ९० टक्के ही व्यवहारातली मर्यादा मानण्याची पद्धत आहे. ‘फक्त ५ टक्के वाढ’ हे वाक्य ६० टक्के भरलेल्या चौकाबाबत निरुपद्रवी असते, ९२ टक्के भरलेल्या चौकाबाबत नसते.

टक्केवारीत न दिसणारी रांग

उजव्या वळणाकडे जरा थांबून पाहू, कारण तिथे टक्केवारी पुरेशी नाही. तासाला २५७ गाड्या म्हणजे एका चक्रात सरासरी साडेआठ. पण काही चक्रांत १४ पर्यंत गाड्या येतील. १४ गाड्यांना साधारण ८५ मीटर लांबीची वळणलेन लागते. आज ती ४० मीटरच असेल, तर सातव्या गाडीपासून पुढच्या गाड्या सरळ जाणाऱ्या लेनमध्ये उभ्या राहतील. मग पश्चिमेकडे जायला हिरवा दिवा असूनही त्या लेनमधले लोक अडकतील. गणितात ही लेन पूर्ण क्षमतेने चालते असे धरलेले आहे, रस्त्यावर ती अर्धी बंद असेल. म्हणून अहवाल वाचताना लेनची लांबी आणि अपेक्षित रांगेची लांबी एकाच तक्त्यात शोधा. दुसरी पहिलीपेक्षा मोठी असेल, तर सॉफ्टवेअरने काढलेल्या टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही.

तोच नियम पार्किंगच्या फाटकाला. जोडरस्त्यावरून तासाला २३६ गाड्या आत येतील. एका गाडीला तिकीट घेऊन दांडा उघडेपर्यंत १२ सेकंद लागत असतील, तर एक दांडा तासाला ३०० गाड्या सोडतो. सरासरीने जमते. पण आठ गाड्या एकदम आल्या आणि दांडा अगदी रस्त्यालगत असेल, तर त्यांची रांग जोडरस्त्यावर आणि तिथून चौकात. दांडा आत ५०-६० मीटर नेणे हा कागदावर एका रेषेचा बदल आहे, इमारत उभी राहिल्यावर तो जवळजवळ अशक्य होतो.

उपाय, आणि प्रत्येकाची दुसरी बाजू

आता १,६२९ खाली आणायचे. उजव्या वळणाला दोन लेन दिल्या की एका लेनवरचा भार २५७ वरून साधारण १२९ वर येतो, आणि ८५ मीटरची गरजही बरीच कमी होते. पण दोन लेन शेजारी शेजारी वळणार, तर पलीकडच्या जोडरस्त्यावर दोघींना सामावणाऱ्या दोन लेन हव्यात, आणि त्या काही अंतर तशाच राहायला हव्यात. वळल्यावर लगेच एक लेन संपत असेल तर सगळे आधीच एका लेनमध्ये उभे राहतात आणि दुसरी रिकामी पडते. आपल्या कॉम्प्लेक्सचे जोडरस्त्यावरचे फाटक चौकाला चिकटून असेल तरही हेच होते.

दुसरा उपाय उत्तरेकडून चौकात येणाऱ्या रस्त्याला तिसरी लेन. निर्णायक लेन ३३२ वरून २२१ वर येते. या दोन उपायांनी बेरीज १,३९० होते, ९३ टक्के. कॉम्प्लेक्स नसतानाच्या ८८ पेक्षा अजूनही वाईट.

तिसरा उपाय कॉम्प्लेक्सच्याच जागेतून निघतो. मुख्य रस्त्यालगतची पट्टी रस्त्याला देऊन चौकाआधी डावीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी लेन. तासाला १५० गाड्या तिथे गेल्या तर सरळ लेन ६८६ वरून ६११ वर येते आणि बेरीज १,३१५, पुन्हा ८८ टक्के. इथे एक अडचण उभी राहते. मुख्य फाटकातून बाहेर पडणारी गाडी आता थेट या डाव्या लेनमध्ये येईल, आणि तिला सरळ जायचे असेल तर थोड्या अंतरात उजवीकडे सरकावे लागेल. फाटक पश्चिम टोकाला नेण्याचा आग्रह यासाठीही होता. ६० मीटरमध्ये हे सरकणे जमणार नाही.

आणि पादचारी. प्रत्येक जादा लेनमुळे रस्ता ओलांडायचे अंतर सुमारे ३ ते साडेतीन मीटरने वाढते. चालणाऱ्याला त्यासाठी साधारण ३ सेकंद जास्त लागतात. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा तेवढा वाढवला नाही तर म्हातारी माणसे मध्येच अडकतात. वाढवला तर ते सेकंद गाड्यांच्या १०० सेकंदांतून जाऊ शकतात आणि ८८ टक्के पुन्हा वर सरकतात. क्षमतेचा तक्ता पादचाऱ्यांचा वेळ धरून केला आहे का, हा प्रश्न सुनावणीत अवश्य विचारा. दुभाजक पुरेसा रुंद करून दोन टप्प्यांत ओलांडण्याची सोय करता येते, पण त्यालाही जमीन लागते.

उपाय मंजूर झाले तरी ते केव्हा होणार, हे परवानगीच्या अटीत लिहिलेले असावे लागते. ‘रस्ता रुंद करण्यात येईल’ एवढेच असेल तर दुकाने आधी उघडतात आणि लेन मागून, कधी कधी बऱ्याच वर्षांनी येते. अट अशी हवी: वळणलेन, तिसरी लेन आणि सिग्नलच्या नव्या वेळा चालू झाल्याशिवाय वापर परवाना नाही. दुसरी अट, उघडल्यावर काही महिन्यांनी फाटकांवर आणि चौकात पुन्हा मोजणी, आणि फेऱ्या अंदाजापेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त निघाल्या तर काय करायचे आणि खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेले. आपल्या उदाहरणात दर ४ ऐवजी ५ निघाला तर २०० फेऱ्या वाढतात. त्यासाठी चौकात शिल्लक जागा फार थोडी आहे.